निदान सांगून झाल्यावर घरच्यांना लिहायचे पत्र

‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारला की पुढची बरीच मिनिटे आई-वडिलांच्या कानावर फक्त आवाज पडत असतो. ते मान डोलावतात, ‘हो, समजलं’ म्हणतात, सहीसुद्धा करतात. संध्याकाळी आजी विचारते, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ तेव्हा दोघांना दोन वेगळ्या गोष्टी आठवतात. डॉक्टरांनी सांगितलेल्यातले ४० ते ८० टक्के रुग्ण लगेच विसरतात, असे या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा सांगतो. जे लक्षात राहते त्यातलेही जवळजवळ अर्धे चुकीचे असते. गंभीर निदान सांगितल्यानंतर घरच्यांना पत्र द्यायचे ते यासाठी.

वॉर्डात नव्याने आलेल्या डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. निदान कसे सांगावे हे आता शिकवले जाते. २००० साली मांडलेली ‘स्पाइक्स’ ही सहा पायऱ्यांची पद्धत बहुतेकांना माहीत असते आणि तिची शेवटची पायरी पुढची योजना आणि सारांश हीच आहे. पण तो सारांश कागदावर कसा उतरवायचा हे फारसे कोणी दाखवत नाही. म्हणून एकच उदाहरण घेऊन पूर्ण पत्र लिहून बघू.

सहा वर्षांची मुलगी. तीन आठवडे थकवा, पायांत दुखणे, अंगावर निळे डाग. रक्ताच्या तपासणीत संशय आला, बोन मॅरो केल्यावर निदान पक्के झाले: अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, बी-पेशींचा. बुधवारी, ५ जूनला, आई-वडील आणि मामा यांच्याशी पाऊण तास बोलणे झाले. केमो गुरुवारी सुरू होणार आहे. पत्र बुधवारी संध्याकाळी लिहायचे आणि गुरुवारी हातात द्यायचे. घरी जाताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड वेगळे. ते दुसऱ्या डॉक्टरांसाठी असते आणि पत्राची जागा घेऊ शकत नाही.

आधी पाच मिनिटे, खोलीतच

घरचे बाहेर गेले की लगेच उठू नका. कोण कोण हजर होते, त्यांनी कोणते प्रश्न विचारले आणि आजाराला ते कोणता शब्द वापरत होते, एवढे कागदावर टिपून घ्या. आपल्या उदाहरणात आईने दोनदा विचारले, ‘माझ्या हातून काही चुकलं का?’ वडिलांनी विचारले, ‘धाकट्याला होईल का?’ मामाने विचारले, ‘वाचेल ना?’ पत्राचा कणा हे तीन प्रश्न. ते टिपले नाहीत, तर रात्री आठ वाजता तुम्ही पाठ्यपुस्तकातला ल्युकेमिया लिहून मोकळे व्हाल.

दुसरी नोंद अशी: तुम्ही प्रत्यक्षात काय काय बोललात. याचे कारण माझ्या दृष्टीने या पत्राचा पहिला नियम आहे. खोलीत न सांगितलेली कोणतीही वाईट बातमी पत्रातून पहिल्यांदा कळता कामा नये. केस गळण्याचे सांगायचे राहिले असेल तर ते आधी जाऊन सांगा, मग लिहा. कागद वाचताना समोर डॉक्टर नसतो, चेहरा नसतो, पाणी द्यायला कोणी नसते.

पहिला परिच्छेद: आजाराचे नाव, घरच्या भाषेत

पत्र लिहायला बसलो की आपल्या हाताला कचेरीची मराठी येते. ‘सदर रुग्णास तीव्र स्वरूपाचा रक्तविकार असल्याचे निदर्शनास आले असून उपरोक्त आजाराकरिता उपचार प्रस्तावित आहेत.’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्यात कोणी कोणाशी बोलत नाही. कॅन्सर हा शब्दही त्यात नाही, म्हणजे वाचणाऱ्याला पळवाट ठेवली आहे. आठवड्याभरात कोणीतरी म्हणणार, ‘डॉक्टरांनी कुठे कॅन्सर लिहिलाय?’

मी असे लिहीन:

> नमस्कार. आज आपण तिघे आणि मी भेटलो. तेव्हा जे बोललो ते तुमच्या हाताशी असावे म्हणून लिहून देत आहे. तुमच्या मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला आहे. त्याचे पूर्ण नाव अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. रिपोर्टवर आणि फायलीवर तुम्हाला एएलएल अशी तीन अक्षरे दिसतील, तो हाच आजार. हाडांच्या आत, बोन मॅरोमध्ये, रक्त तयार होते. तिथे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी बिघडून बेसुमार वाढल्या आहेत. त्यांनी जागा अडवल्यामुळे चांगले रक्त कमी पडते. तिचा थकवा, निळे डाग आणि पाय दुखणे हे सगळे त्यामुळेच आहे.
>
> तुम्ही विचारले होते, आपल्या हातून काही चुकले का. नाही. तुम्ही दिलेल्या किंवा न दिलेल्या कोणत्याही गोष्टीमुळे हा आजार झालेला नाही. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. धाकटा तिच्याजवळ झोपला, तिच्या ताटात जेवला, तरी त्याला तो तिच्यापासून होणार नाही.

खऱ्या पत्रात ‘तुमची मुलगी’ हे शब्द एकदाच येतील, नंतर प्रत्येक ठिकाणी तिचे नाव. ‘रुग्ण’ हा शब्द एकदाही नको. ‘बोन मॅरो’ की ‘अस्थिमज्जा’? बोन मॅरोच, कारण वॉर्डात सिस्टर तोच शब्द वापरणार आहेत आणि रिपोर्टवरही तोच असणार आहे. पत्रातला शब्द आणि कानावर पडणारा शब्द वेगळा असला की घरच्यांना त्या दोन वेगळ्या तपासण्या वाटतात.

चुकीबद्दलचे ते ‘नाही’ मी स्वतंत्र शब्द म्हणून ठेवतो. ‘साधारणपणे असे मानले जात नाही’ असे लिहिले, की त्या फटीतून अपराधी भावना आत शिरते. आईला कोणी नातेवाईक भलते काही सुनावतो, तेव्हा ती हा कागद पुढे करू शकते.

माहीत असलेले आणि अजून माहीत नसलेले

गंभीर निदानाच्या पहिल्या आठवड्यात बऱ्याच गोष्टी खरोखरच अधांतरी असतात. त्या झाकू नका आणि नुसत्या ‘रिपोर्ट बाकी आहेत’ असेही लिहू नका. काय माहीत नाही, ते कशाने कळेल आणि कोणत्या तारखेला कळेल, हे तीनही लिहायचे. तारखेशिवायची प्रतीक्षा घरच्यांना रोज वॉर्डाच्या दारात उभे करते.

> आज आपल्याला माहीत आहे: हा एएलएल आहे आणि त्यावर ठरलेले उपचार आहेत. अजून माहीत नाही: पेशींमधले जनुकीय बदल कोणत्या प्रकारचे आहेत. तो रिपोर्ट यायला साधारण दोन आठवडे लागतील. गुरुवार, २० जूनला मी तुम्हाला त्याबद्दल सांगेन. रिपोर्ट आला नसेल तर ‘आला नाही’ एवढे सांगायला तरी भेटेन. उपचारांना तिचे शरीर कसा प्रतिसाद देते हे ४ जुलैच्या बोन मॅरोनंतर कळेल.

‘आला नसेल तरी भेटेन’ हे वाक्य लिहायचे असेल तर पाळावे लागते. पाळता येणार नसेल तर लिहू नका.

योजना: एकच वार

या आजारातला पहिला टप्पा, इंडक्शन, चार आठवड्यांचा असतो. व्हिन्क्रिस्टिनचे इंजेक्शन बहुतेक पद्धतींत १, ८, १५ आणि २२व्या दिवशी, आणि पुढची मोठी तपासणी अनेक ठिकाणी २९व्या दिवशी. आपण वॉर्डात ‘डे एट’, ‘डे फिफ्टीन’ म्हणतो. घरच्यांना ते कळत नाही आणि पहिला दिवस कुठून मोजायचा यावरच घोळ होतो. या सगळ्यांत सात-सात दिवसांचे अंतर आहे, म्हणजे सगळे दिवस एकाच वारी येतात. तेवढे सांगितले की कुटुंब आपले वेळापत्रक स्वतः मांडू शकते.

> गुरुवार हा तिच्या इंजेक्शनचा वार. ६, १३, २० आणि २७ जून. त्यानंतरच्या गुरुवारी, ४ जुलैला, पुन्हा बोन मॅरो. याशिवाय डेक्सामेथासोन हे औषध रोज, चार आठवडे. ते एकदम बंद करायचे नाही, कमी करत थांबवावे लागते, आणि ते कसे हे आम्ही लिहून देऊ. काही ठरावीक दिवशी पाठीच्या कण्यातून थोडे पाणी काढून तिथे औषध सोडावे लागेल. त्या तारखा सिस्टर आदल्या दिवशी सांगतील.

बाकी औषधांची नावे आणि मात्रा या पत्रात नकोत. फॅमिली डॉक्टरांना तेच पत्र पाठवा आणि सोबत तांत्रिक तपशिलाचे एक वेगळे पान जोडा. दोन वाचकांना एकाच परिच्छेदात बसवायला गेलो की दोघांनाही अर्धवटच मिळते.

दुष्परिणामांपैकी मी फक्त तेच लिहितो जे पहिल्या महिन्यात घरी दिसणार आहेत आणि न सांगितल्यास घाबरवतील. डेक्सामेथासोनमुळे मुलगी चिडेल, रात्री उठून खायला मागेल. हा तिचा हट्ट नसून औषधाचा परिणाम आहे. व्हिन्क्रिस्टिनमुळे जबडा दुखेल, शौचाला घट्ट होईल. साधारण दोन-तीन आठवड्यांनी केस गळू लागतील आणि नंतर परत येतील. एवढे पुरे.

‘रेमिशन’ हा शब्द जपून

माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा गैरसमज पहिल्या दिवशी होत नाही. तो चौथ्या आठवड्यानंतर होतो. बोन मॅरोमध्ये बिघडलेल्या पेशी दिसत नाहीत, आपण आनंदाने ‘रेमिशन’ म्हणतो, घरी पेढे वाटले जातात आणि मग कुणीतरी विचारते, ‘आता बरी झाली तर केमो कशाला?’ काही कुटुंबे इथेच उपचार सोडतात. उपचार सोडल्यास आजार उलटणे जवळपास ठरलेलेच असते. म्हणून याचे उत्तर पहिल्याच पत्रात द्यावे.

आकड्यांनी ते सोपे होते. निदानाच्या वेळी अंगात अशा पेशी एक लाख कोटीच्या घरात असू शकतात. त्यातल्या शंभरात नव्व्याण्णव मेल्या तरी एक हजार कोटी उरतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. एमआरडी ही तपासणी दहा हजार पेशींमध्ये एक बिघडलेली असली तरी पकडते. पण तीसुद्धा शून्य सांगत नाही, ‘सापडल्या नाहीत’ एवढेच सांगते.

> चार आठवड्यांनी रिपोर्ट चांगला आला तर आम्ही ‘रेमिशन’ हा शब्द वापरू. त्याचा अर्थ आजार दिसेनासा झाला. तो संपला असा नाही. लपून राहिलेल्या पेशींसाठी उपचार पुढे चालू ठेवावे लागतात. एकूण काळ दोन ते अडीच वर्षे. पहिले काही महिने कडक, नंतरचा बराच भाग घरी राहून गोळ्यांवर.

आणखी एक. ‘एमआरडी निगेटिव्ह’ ही चांगली बातमी आहे, हे लिहून ठेवा. बऱ्याच घरांत निगेटिव्ह म्हणजे वाईट असेच वाटते.

तापाचे पान

हे पान वेगळे काढा, एका बाजूला, मोठ्या अक्षरात, कपाटाच्या दाराला चिकटवता येईल असे. बाकीचे पत्र हरवले तरी चालेल, हे हरवता कामा नये.

नवा असताना मी एका पत्रात लिहिले होते, ‘ताप आल्यास त्वरित संपर्क साधावा.’ त्या आईने मुलाच्या कपाळाला हात लावला, कोमट वाटले, पॅरासिटामॉल दिले, ताप उतरला, आणि त्वरित म्हणजे सकाळी ओपीडी उघडल्यावर असे समजून ती थांबली. मूल पोचले तेव्हा हातपाय गार होते, रक्तदाब खाली. ते वाचले, पण अतिदक्षता विभागात दहा दिवस काढून. आईने माझे वाक्य तंतोतंत पाळले होते. चूक वाक्याची होती: ताप म्हणजे किती, त्वरित म्हणजे कधी, संपर्क म्हणजे कुठे, यातले काहीच त्यात नव्हते.

केमोमुळे संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी फार खाली जातात, तेव्हा ताप ही बहुधा एकमेव खूण असते. जखमेत पू होत नाही, छातीत कफ होत नाही, कारण पू करणाऱ्या पेशीच नसतात. म्हणून रुग्णालयात पोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचे असे बहुतेक केंद्रांचे ध्येय असते. घरात गेलेला वेळ त्या तासात कोणी मोजत नाही.

पान लिहिण्याआधी विचारा, घरी कोणता थर्मामीटर आहे. सेल्सिअसचा असेल तर ३८, फॅरनहाइटचा असेल तर १००.४. दोन्ही लिहू नका, त्यांच्या थर्मामीटरवर दिसेल तोच एक आकडा लिहा. काही केंद्रे थोडा वेगळा आकडा धरतात. तुमच्या वॉर्डाचा जो असेल तोच सगळ्यांनी लिहावा, सिस्टर एक आणि पत्र दुसरे असे नको.

> थर्मामीटर काखेत लावा. १००.४ किंवा जास्त दिसले तर लगेच, रात्री दोन वाजतासुद्धा, या क्रमांकावर फोन करा आणि निघा. फोन लागला नाही तरी निघा. सकाळची वाट पाहू नका.
>
> फोन करण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. त्याने आकडा उतरतो, संसर्ग उतरत नाही.
>
> ताप नसतानाही ती गळून गेली, थंडी वाजून कापू लागली, नेहमीसारखी बोलेनाशी झाली तर हाच नियम. डेक्सामेथासोन चालू असताना ताप झाकला जाऊ शकतो.
>
> आल्यावर दारातच सांगा: ‘हिला ल्युकेमिया आहे, केमो चालू आहे, ताप आहे.’ रांगेत बसू नका.

शेवटचे वाक्य घरच्यांच्या तोंडी द्यायचे वाक्य आहे, आणि माझ्या मते संपूर्ण पत्रात त्याचा उपयोग सगळ्यात जास्त. रात्रपाळीचा नवखा माणूस मुलाला नावाने ओळखत नाही, पण हे तीन तुकडे ऐकले की हलतो. त्याच पानावर खाली दोन-तीन ओळी: नाक किंवा हिरड्यांतून रक्त थांबत नसेल तर यायचे. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन द्यायचे नाही, कारण प्लेटलेट्स आधीच कमी आहेत. कांजिण्या झालेल्या मुलाशी संबंध आला तर पुरळ उठायची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा. आम्हाला विचारल्याशिवाय कोणतीही लस नाही.

‘वाचेल ना?’

मामाचा प्रश्न टाळून पत्र पूर्ण होत नाही. पण आकडा लिहायचा की नाही, हे खोलीत काय झाले त्यावर ठरवा. आई-वडिलांनी आकडा विचारला आणि तुम्ही सांगितला असेल तर तोच लिहा. विचारलाच नसेल तर कागदावरून लादू नका. लिहायचे झाल्यास टक्क्यांऐवजी माणसांत लिहा, आणि दोन्ही बाजू लिहा. ‘९० टक्के’ वाचून काहीजणांना खात्री वाटते, काहीजणांना फक्त दहाच दिसतात.

> तुम्ही विचारले, ती वाचेल ना. हा आजार पूर्ण बरा करण्याच्या हेतूनेच आपण उपचार करत आहोत. अशा दहा मुलांना पूर्ण उपचार मिळाले तर साधारण नऊ मुले पाच वर्षांनंतर आपल्यात असतात. एखाद्या मुलाच्या बाबतीत आजार उलटतो किंवा संसर्ग फार वाढतो. तुमची मुलगी कोणत्या गटात असेल हे आज मी सांगू शकत नाही. ४ जुलैच्या तपासणीनंतर मी जास्त नेमके सांगू शकेन.

‘दहातली नऊ’ हा आकडा चांगल्या सोयी असलेल्या केंद्रांचा आहे. तुमच्या केंद्राचा अनुभव वेगळा असेल तर तुमचाच आकडा लिहावा. ‘काळजी करू नका’ हे शब्द मात्र कुठेच नकोत. काळजी तर ते करणारच, मग ती करणेही चूक आहे असे त्यांना वाटू लागते.

आपल्या उदाहरणात मुलगी सहा वर्षांची आहे. दोन वर्षांनी ती आठची होईल आणि तिला वाचता येईल. हे पत्र तिच्या हाती कधी ना कधी पडणार, असे धरून प्रत्येक वाक्य पुन्हा वाचा. तिच्यापुढे वाचता येणार नाही अशी वाक्ये सापडली तर ती बहुधा आई-वडिलांसाठीही कठोर असतात.

देताना

दोन पानांपेक्षा मोठे पत्र कोणी वाचत नाही. त्यावर तापाचे एक पान. पत्र पाठवण्याआधी सिस्टरना किंवा वॉर्डातल्या समाजसेविकेला वाचायला द्या. कुठे अडखळतात ते बघा आणि तेच वाक्य बदला. दोन प्रती काढा, कारण आई-वडील दोन वेगळ्या ठिकाणी असतात. पत्र कोणाला दाखवायचे हे त्यांनी ठरवायचे. मामाला फोनवर फोटो पाठवायचा असेल तर त्यांनी पाठवावा, तुम्ही नाही. कुणाला वाचता येत नसेल तर तेच पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा आणि त्यांच्याच फोनवर आवाज मुद्रित करून द्या. घरी तो पुन्हा लावता येतो.

मग दोन दिवसांनी, शनिवारी, त्यांच्या बाजेजवळ पाच मिनिटे बसा. ‘पत्र समजलं का?’ असे विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. मी विचारतो, ‘समजा रात्री दोन वाजता तिचं अंग तापलं, तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल?’ आई म्हणाली, ‘थर्मामीटर लावीन, शंभरच्या वर चार असेल तर फोन करीन,’ तर थांबा. तिने १००.४ हा आकडा १०४ असा वाचला असण्याची शक्यता आहे. थर्मामीटर हातात घेऊन तिला तो आकडा दाखवा, आणि तापाच्या पानावर पेनाने त्याखाली अक्षरांत लिहा: शंभर पूर्णांक चार.